दुपारी चुकणारा सेन्सर : गच्चीवरच्या नोडसाठी क्लॉक कसा निवडला

मुलुंडच्या एका सात मजली सोसायटीसाठी आम्ही पाण्याच्या टाकीचा नोड बनवला होता. मुंबईतल्या बहुतेक इमारतींत असतं तसंच तिथेही आहे. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, ते तळटाकीत साठतं, आणि पंप लावून गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं. गच्चीवर पाणी किती उरलंय हे पंपवाल्याला खाली बसून कळावं, एवढीच मागणी होती. आम्ही टाकीच्या झाकणावर अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला, शेजारी करड्या प्लास्टिकच्या डबीत बॅटरीवर चालणारा नोड ठेवला आणि खाली पंपघरात वायरलेसने आकडा पाठवायला सुरुवात केली. नोड दर पाच मिनिटांनी जागा होतो, सेन्सरला वीज देतो, त्याच्याकडून युआर्टवर अंतर घेतो, लोराने पाठवतो आणि झोपतो.

मार्चमध्ये सगळं सुरळीत चाललं. एप्रिलच्या मध्यापासून सेक्रेटरींचे फोन यायला लागले. "दुपारी टाकी दिसतच नाही हो, संध्याकाळी परत दिसते." पंपघरातली नोंद काढून बघितली, तर साधारण साडेबारा ते साडेचारच्या दरम्यान अधूनमधून 'सेन्सर उत्तर देत नाही' असा कोड येत होता. पाकीट मात्र दर पाच मिनिटांनी ठरल्या वेळी येत होतं, एकही चुकलेलं नव्हतं.

या एका गोष्टीतच अर्धं उत्तर होतं, पण ते माझ्या लक्षात उशिरा आलं. पाकीट वेळेवर येतंय म्हणजे झोपेतून उठवणारं घड्याळ बरोबर आहे. ते ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालतं. लोरा मॉड्यूलशी बोलणंही ठीक आहे, कारण ते एसपीआयवर होतं. एसपीआयमध्ये क्लॉकची तार सोबतच जाते, त्यामुळे मायक्रोकंट्रोलर थोडा हळू चालला काय किंवा जलद चालला काय, समोरच्याला फरक पडत नाही. रेडिओची वारंवारता मॉड्यूलच्या स्वतःच्या क्रिस्टलवर ठरते. बिघडत होती ती एकच गोष्ट, सेन्सरचा युआर्ट. या सगळ्या बोलण्यांत तेवढ्या एकाच ठिकाणी दोन्ही टोकं आपापल्या घड्याळावर भरवसा ठेवून, मध्ये क्लॉकची तार नसताना बोलतात.

नोड काढून साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये आणला, तर दिवसभर एकही चूक नाही. तिथे एसी २५ अंशांवर असतो. धाकटा सहकारी म्हणाला, "दादा, सेन्सर गरम होऊन बसत असेल, बदलून टाकू." सेन्सर बदलला. दोन दिवसांनी दुपारी परत तेच.

गच्चीवर मोजलं ते

शेवटी लॅपटॉप, लॉजिक अॅनालायझर आणि छोटा फ्रीक्वेन्सी काउंटर घेऊन भर दुपारी गच्चीवर गेलो. हवा ३५ अंश होती, पण उन्हातल्या बंद डबीच्या आत थर्मोकपल ५८ अंश दाखवत होता. मायक्रोकंट्रोलर एसटीएम३२च्या एल४ कुटुंबातला आहे. त्यात आतला कोणताही क्लॉक एका पायावर बाहेर काढता येतो, त्या पायाचं नाव `MCO`. आम्ही आतला आरसी ऑसिलेटर, म्हणजे `MSI`, रीसेटनंतर जसा असतो तसा ४ मेगाहर्ट्झवर ठेवला होता. तो बाहेर काढून मोजला तर ४.११ मेगाहर्ट्झ, म्हणजे २.७५ टक्के जलद. वर्कशॉपमध्ये त्याच बोर्डवर ४.०१ मिळाला होता.

यात चिपचा काही दोष नाही. आरसी ऑसिलेटर म्हणजे सिलिकॉनमध्येच घडवलेला रोध आणि धारित्र. तापमान बदललं की दोन्ही बदलतात. कारखान्यात ते ३० अंशांच्या आसपास जुळवून देतात, पण शून्य ते ८५ अंशांत `MSI` साडेतीन टक्के खाली किंवा तीन टक्के वर जाऊ शकतो, असं डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. तो तक्ता मी डिझाइन करताना वाचला होता. 'तीन टक्के म्हणजे काही फार नाही' असं मनाशी म्हणून पुढे गेलो, चूक तिथे झाली.

आता दुसरं टोक. सेन्सर ९६०० बॉडने बोलतो, म्हणजे एक बिट १०४.१७ मायक्रोसेकंदांचा हवा. लॉजिक अॅनालायझरवर तो १०६.६ निघाला. सेन्सरच्या आतही स्वस्तातला मायक्रोकंट्रोलर आणि त्याचा आरसी ऑसिलेटर आहे. तोही त्याच उन्हात तापलेला, आणि नेमका उलट्या दिशेला सरकलेला: २.३ टक्के हळू. आमचा जलद, त्याचा हळू, मिळून तफावत ५.१ टक्क्यांच्या आसपास.

पाच टक्क्यांना युआर्ट का कोलमडतो ते एका बाइटवर पाहिलं की कळतं. घेणारी बाजू स्टार्ट बिटच्या उतरत्या कडेला आपलं घड्याळ जुळवते आणि तिथून पुढे प्रत्येक बिटच्या मध्यावर डोकावते. आठ बिटांनंतर स्टॉप बिट येतो, त्याच्या मध्यावर डोकावायची वेळ म्हणजे सुरुवातीपासून साडेनऊ बिटांनी. पुढच्या बाइटला घड्याळ पुन्हा जुळवलं जातं, त्यामुळे चूक फक्त या साडेनऊ बिटांपुरतीच साचते. आपण ५.१ टक्के जलद असलो तर साडेनऊऐवजी जेमतेम ९.०४ बिटांनी डोकावतो, म्हणजे शेवटचा डेटा बिट संपून स्टॉप बिट सुरू होतो त्या कडेवरच. हा युआर्ट मध्याजवळ तीनदा पाहून बहुमत घेतो. त्यातली पहिली नजर त्या कडेच्या अलीकडे पडते. त्यात तीन मीटर केबलमुळे वर जाणारी कड थोडी निवांत चढते. मग बहुमत कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. म्हणूनच बिघाड कायमचा नव्हता, अधूनमधून होता.

लॉजिक अॅनालायझरवर आणखी एक गोष्ट दिसली, आणि तीच पुढे माझ्यासाठी ओळखीची खूण झाली. सेन्सरची चौकट चार बाइटची असते: आधी `0xFF`, मग अंतराचे दोन बाइट, मग बेरीज. पाणी १२५० मिलिमीटर खाली असेल तर असं येतं:

```
FF 04 E2 E5
```

दुपारच्या प्रत्येक बिघडलेल्या चौकटीत `FF` बरोबर वाचला जात होता आणि फ्रेमिंग एरर `04`वर येत होती. कारण साधं आहे. `FF`मध्ये स्टार्ट बिटनंतर सगळे एकच, स्टॉप बिटही एकच. एक बिट अलीकडे डोकावलं तरी एकच दिसणार. युआर्टवर सगळ्यात खालचा बिट आधी जातो, म्हणजे शेवटी जातो तो बाइटचा सगळ्यात वरचा बिट. `04`चा हा शेवटचा बिट शून्य आहे, त्यामुळे स्टॉप बिटच्या जागी शून्य सापडतं. `E2` आणि `E5`चा शेवटचा बिट एक, म्हणून तेही निसटून जातात. शेवटचा बिट शून्य असलेले बाइटच फसतायत आणि एकने संपणारे सुखरूप येतायत, असं दिसलं तर तार, आवाज, वीजपुरवठा यांच्या मागे लागण्याआधी दोन्ही बाजूंच्या बिटांची रुंदी मोजावी. गोंगाट असता तर त्याने `FF`लाही सोडलं नसतं.

या चिपच्या मॅन्युअलमध्ये आमच्या मांडणीसाठी एकूण सहनशक्ती ३.७५ टक्के दिली आहे. एकूण म्हणजे पाठवणारा, घेणारा आणि तार, तिघांचं मिळून. सेन्सर २.३ टक्के खातोच आहे आणि तो आमच्या हातात नाही. म्हणजे आमच्या क्लॉकसाठी उरले जेमतेम १.४ टक्के. हा आकडा हाती आल्यावर निवड बरीच सोपी झाली.

तीन वाटा

सहकाऱ्याचं म्हणणं होतं, ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावू आणि पीएलएलने ८० मेगाहर्ट्झवर नेऊ. "पीएलएल लावला की क्लॉक पक्का होतो ना, दादा? आणि काम पटकन उरकून लवकर झोपेल, बॅटरीही वाचेल." यात दोन वेगळे समज आहेत आणि दोन्ही फार ठिकाणी ऐकू येतात, म्हणून जरा थांबून लिहितो.

पहिला समज अचूकतेचा. पीएलएल स्वतः काही अचूक नसतो. त्याच्या आत एक बदलता ऑसिलेटर असतो. त्याची वारंवारता भागून ती दिलेल्या संदर्भाशी सतत ताडून पाहिली जाते आणि जुळेपर्यंत खालीवर केली जाते. संदर्भ ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर त्याची ३० पीपीएम चूक ८० मेगाहर्ट्झवरही ३० पीपीएमच राहते. संदर्भ एक टक्का चुकणारा आरसी असेल तर बाहेर येणारे ८० मेगाहर्ट्झही एक टक्का चुकतात. गुणाकाराने टक्केवारी बदलत नाही. क्लॉक पक्का करतो तो क्रिस्टल. पीएलएल फक्त तो पक्केपणा वरच्या वारंवारतेवर नेतो.

दुसरा समज विजेचा, आणि तो नेहमीच चुकीचा असतो असंही नाही. खूप हिशोब करायचा असेल तर जलद धावून लवकर झोपणं परवडतं. पण आमचा नोड जागा असतो ते बहुतांश वाट बघत. सेन्सर स्थिर व्हायला, आवाजाचा ठोका परत यायला आणि चार बाइट ९६०० बॉडने रांगत यायला मिळून साधारण २०० मिलिसेकंद जातात. ८० मेगाहर्ट्झने सेन्सर लवकर बोलत नाही. दिवसाला २८८ वेळा २०० मिलिसेकंद म्हणजे ५८ सेकंद जागरण. ४ मेगाहर्ट्झवर चिप अर्ध्या मिलिअँपच्या आसपास घेते, तर वर्षाला साधारण ३ मिलिअँप-तास होतात. ८० मेगाहर्ट्झवर १० मिलिअँप धरले तर ५८. झोपेत, क्रिस्टलवरचं घड्याळ चालू ठेवून, चिप १.४ मायक्रोअँप घेते. त्याचे वर्षाला १२ होतात. म्हणजे वाट बघण्यासाठी पीएलएल लावला तर वर्षभराच्या झोपेच्या जवळजवळ पाचपट वीज नुसत्या थांबण्यात गेली असती. यात पीएलएलचा स्वतःचा वाटा लहान आहे, मिलिअँपचा पाव-तिसरा भाग. खर्च होतो तो त्याने हाकलेल्या वेगाचा. (वाट बघताना गाभा झोपवून फक्त युआर्ट जागा ठेवला तर हा आकडा खाली येतो. पण मग ८० मेगाहर्ट्झ हवेत कशाला, हा प्रश्न उरतोच.)

पीएलएल वगळून नुसता ४ किंवा ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावता आला असता. अचूकता गरजेपेक्षा कितीतरी जास्त मिळाली असती. ऑसिलेटरचे साधारण अर्धा मिलिअँप जादा गेले असते, आणि दर वेळी उठल्यावर तो स्थिर व्हायला दोनेक मिलिसेकंद थांबावं लागलं असतं. खरं सांगायचं तर वर्षाला आणखी तीन मिलिअँप-तासांनी बॅटरीला काही झालं नसतं, ते कारण पुढे करणं बरोबर नाही. अडचण अशी की बारा बोर्ड बनून तयार होते आणि त्यांवर या क्रिस्टलला जागाच नव्हती.

उरला आतलाच दुसरा आरसी, `HSI16`. तो कारखान्यात अधिक काटेकोर जुळवलेला असतो: शून्य ते ८५ अंशांत एक टक्क्याच्या आत. उठायला त्याला मायक्रोसेकंदभर लागतो. १ अधिक २.३ म्हणजे ३.३ टक्के, मर्यादा ३.७५. बसतं, पण काठावर. पुढच्या खेपेचा सेन्सर २.३ऐवजी ३ टक्के सरकला तर पुन्हा तीच दुपार.

उसना घेतलेला पक्केपणा

बोर्डवर एक क्रिस्टल होताच, ३२.७६८ किलोहर्ट्झचा. चिपच्या भाषेत त्याच्या क्लॉकचं नाव `LSE`. तो आम्ही वेळेसाठी लावला होता. पाणी यायच्या सुमारास नोंदी दाट घ्यायच्या, म्हणून नोडला खरी वेळ ठाऊक हवी. त्या जागी आतला ३२ किलोहर्ट्झचा आरसी वापरला असता तर तीन टक्क्यांच्या चुकीने दिवसाला ४३ मिनिटं घसरली असती, आणि आठवडाभरात नोड पाण्याची वेळ पूर्ण हुकवून बसला असता. क्रिस्टलची चूक २० पीपीएम, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. उन्हात ती थोडी वाढते. या घड्याळी क्रिस्टलची वारंवारता २५ अंशांपासून दोन्हीकडे, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात, खालीच जाते. ६० अंशांवर साधारण ४३ पीपीएमची भर पडते. तरी दिवसाला पाच-साडेपाच सेकंदच, तेही दिवसभर ६० अंश राहिले तर.

एल४ कुटुंबात एक सोय आहे. `MSI`ला या संथ क्रिस्टलशी बांधून ठेवता येतं. चिप स्वतःच दोघांची तुलना करत राहते आणि `MSI`ला रेषेत ठेवते. मग त्याची चूक पाव टक्क्याच्या आत येते. क्रिस्टल आधीच रात्रंदिवस चालू आहे, त्यामुळे त्याची वेगळी वीज लागत नाही. त्यासाठी एकच बिट लावायचा असतो, पण क्रिस्टल स्थिर झाल्यानंतर, आधी नाही.

```c
uint32_t n = 0;
while (!(RCC->BDCR & RCC_BDCR_LSERDY) && n < LSE_TIMEOUT)
    n++;
if (RCC->BDCR & RCC_BDCR_LSERDY)
    RCC->CR |= RCC_CR_MSIPLLEN;
else
    use_hsi16();
```

बांधल्यावर वारंवारता नेमकी ४ मेगाहर्ट्झ राहत नाही, ३२७६८ची १२२ पट होते, म्हणजे ३.९९७७. बॉडचा भाजक याच आकड्यावरून काढला: ४१६ घेतला तर ०.१ टक्के चूक उरते.

एक गोष्ट इथे सहज निसटते. झोपेतून उठल्याबरोबर `MSI` लगेच रेषेत नसतो. शेवटच्या वारंवारतेच्या एक टक्क्याच्या आत यायला त्याला अडीच मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात. तेवढ्यात युआर्ट उघडला तर पहिला बाइट जुन्याच चुकीने वाचला जाईल. आमचा सेन्सर वीज मिळाल्यावर बराच वेळ गप्प असतो, म्हणून आम्हाला वेगळं थांबावं लागलं नाही. पण उठल्या उठल्या बोलणारं दुसरं काही जोडलेलं असेल तर ती वाट बघणं कोडमध्ये लिहून ठेवावं.

नवा फर्मवेअर टाकून मे महिन्यात त्याच गच्चीवर, डबी ५९ अंशांवर असताना पुन्हा मोजलं. `MCO`वर ३.९९८ मेगाहर्ट्झ. सेन्सर पूर्वीसारखाच २.३ टक्के हळू. एकूण तफावत अडीचच्या आत, आणि त्या आठवड्यातल्या दोन हजारांवर चौकटींत एकही फ्रेमिंग एरर नाही.

पावसाळ्यात

वरच्या कोडमधला `LSE_TIMEOUT` मात्र मे महिन्यात नव्हता. तेव्हा क्रिस्टल तयार होईपर्यंत नुसतं थांबायचं असं लिहिलं होतं. जुलैत, चार दिवस सलग पाऊस झाल्यावर दोन नोड बंद पडले. बॅटरी काढून घातली तरी जागे होईनात. वर्कशॉपमध्ये आणून डबी उघडून रात्रभर ठेवले, तर सकाळी आपोआप सुरू.

३२ किलोहर्ट्झचा क्रिस्टल अत्यंत कमी विजेवर झुलतो. त्याच्या आजूबाजूचा रोध मेगाओहमांत असतो. क्रिस्टलच्या पायांभोवती सोल्डरिंगचा फ्लक्स राहिलेला होता. मुंबईच्या दमट हवेत त्याने ओलावा धरला आणि पायांतून जमिनीकडे इतकी गळती झाली की क्रिस्टल सुरूच होईना. मोठ्या ८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला एवढी गळती सहसा जाणवत नाही, कारण त्याचा ऑसिलेटर कितीतरी जोरदार असतो. कमी वीज खाणाऱ्या क्रिस्टलची ही दुसरी बाजू आहे, आणि ती टेबलावर कधीच दिसत नाही. तिथेही प्रोब लावून तपासायला जाऊ नये, प्रोबच्या धारित्रानेच तो थांबतो. तपासायचा असेल तर `MCO`वर `LSE` बाहेर काढून बघावा.

उपाय दोन केले. फ्लक्स आयसोप्रोपिलने धुऊन क्रिस्टलच्या भागावर कन्फॉर्मल कोटिंग मारलं. सोबतचे कपॅसिटरही तपासले. क्रिस्टल ७ पिकोफॅरडच्या भाराचा, ट्रॅकचे साधारण ३ धरले, तर प्रत्येक बाजूला दुप्पट फरक, म्हणजे ८ पिकोफॅरड हवेत. बोर्डवर सवयीने १२ लावलेले होते. त्यामुळे घड्याळ थोडं मागे पडायचं आणि सुरू व्हायलाही जड जायचं. ते ८.२ केले. आणि फर्मवेअरमध्ये मुदत घातली: तीन सेकंदांत क्रिस्टल उठला नाही तर `HSI16`वर जायचं, वेळ पंपघरातून मागून घ्यायची, आणि पाकिटात एक खूण टाकायची. काठावरचे ३.३ टक्के अशा वेळी चालतात, कारण पावसाळ्यात डबी तापत नाही.

पंपघरातल्या घेणाऱ्या बोर्डवर आम्ही सहकाऱ्याचीच जोडी ठेवली आहे: ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, पीएलएलमध्ये गुणिले २०, भागिले २, बाहेर ८०. तो भिंतीतल्या विजेवर चालतो, चार इमारतींची पाकिटं उलगडतो आणि पंपाच्या पॅनेलशी आरएस-४८५वर १,१५,२०० बॉडने बोलतो. तिथे दहा मिलिअँपचा प्रश्नच येत नाही. आणि गच्चीच्या बोर्डच्या पुढच्या आवृत्तीत ८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसाठी जागा काढली आहे, सध्या रिकामी.